ठोक्याच्या आधी पडणारं बोट

मेट्रोनोमच्या टिकटिकीवर बोटाने ठेका धरायला सांगितलं, की बहुतेकांचं बोट ठोका पडण्याच्या किंचित आधीच टेबलावर टेकतं. फरक सेकंदाच्या काही शतांशांचा. ठेका धरणाऱ्याला तो जाणवतही नाही.

आवाज ऐकून मग बोट हलवायचं, तर सेकंदाचा सहावा-सातवा भाग तरी जाणार आणि बोट दर वेळी मागे पडणार. तसं होत नाही, कारण पुढच्या ठोक्याची वेळ मेंदूने आधीच हेरलेली असते.

२००७ मध्ये जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी स्कॅनरमध्ये निश्चल पडून लय ऐकणाऱ्यांचे मेंदू तपासले. हातपाय स्थिर होते. तरीही ठेका स्पष्ट असलेल्या लयीला बेसल गँग्लियासारखे, हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. गाणं ऐकताना पाय आपसूक हलू लागतो, त्याची तयारी अशी आतून सुरू असते.

या अंदाजाला मर्यादाही आहे. दोन ठोक्यांमधलं अंतर दोन सेकंदांच्या आसपास गेलं, की तो डळमळतो आणि बोट आवाजामागे धावू लागतं. अतिविलंबित एकतालात तर एकेक मात्रा याहूनही लांब असते. तिथे तबलजी मात्रांच्या मधल्या जागा बोलांनी भरतो, आणि गायकाला समेचा अंदाज घेता येतो.