आवाजावरून रंग ठरत नाही

कॅज्युअल्टीत आरडाओरडा करणाऱ्या माणसाकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि कोपऱ्यात गप्प बसलेली व्यक्ती तशीच मागे राहते. ही चूक टाळण्यासाठी मानसिक तक्रारी घेऊन आलेल्यांनाही ठरावीक प्रश्न विचारून रंग दिला जातो. 1994 साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात डॉक्टर आणि परिचारिकांच्या गटाने अशी एक पद्धत बांधायला घेतली. पुढे ती अनेक देशांत पोहोचली.

डॉक्टरांनी किती वेळात पाहायला हवं, ते रंग सांगतो:

लाल – ताबडतोब
केशरी – 10 मिनिटांत
पिवळा – 1 तासात
हिरवा – 2 तासांत
निळा – 4 तासांत

परिचारिका तक्त्यातले प्रश्न वरून खाली विचारत जाते. ज्या प्रश्नाला ठाम ‘नाही’ म्हणता येत नाही, तिथे ती थांबते आणि तोच रंग देते. निदान करणं हे या टप्प्यावरचं काम नाही.

समजा, पन्नाशीचा एक माणूस घामाघूम होऊन असंबद्ध बडबडतोय, धरायला येणाऱ्यांना ढकलतोय. ‘वेड लागलंय’ असं घरचे सांगतात. तरी तक्त्यातले पहिले प्रश्न शरीराचेच असतात: श्वसनमार्ग मोकळा आहे का, श्वास पुरेसा आहे का, रक्ताभिसरण ठीक आहे का, रक्तातली साखर किती? बोटाला सुई टोचल्यावर साखर 43 निघते. मधुमेहाच्या औषधाने ती घसरली आहे. रंग लाल, त्याला मनोविकारतज्ज्ञाआधी ग्लुकोज हवं. काही तासांत अचानक सुरू झालेला, मधेच कमी-जास्त होणारा गोंधळ, विशेषतः पूर्वी कधी मानसिक आजार नसलेल्या वयस्क माणसात, शरीरातल्या बिघाडाकडे बोट दाखवतो.

त्याच वेळी एक तरुणी शांत बसली आहे. तिने पॅरासिटामॉलच्या गोळ्या जास्त प्रमाणात घेतल्या आहेत. नाडी आणि रक्तदाब ठीक, पोटात थोडी मळमळ. मात्र ‘आताही जगायचं नाही’ असं ती सांगते आणि निघून जायला उठते. स्वतःला पुन्हा इजा करण्याचा धोका मोठा, म्हणून केशरी. तिच्या शांत दिसण्यावर विसंबणं घातक ठरतं, कारण या औषधाने यकृताला होणारी इजा सुरुवातीला दिसतच नाही. गोळ्या घेतल्यापासून 4 तासांनी रक्तातलं प्रमाण तपासतात. उतारा 8 तासांच्या आत मिळाला, तर तो सर्वांत प्रभावी ठरतो. म्हणून ‘गोळ्या किती वाजता घेतल्या?’ हे पहिल्याच भेटीत विचारून लिहून ठेवावं लागतं.

रंग दिला की काम संपत नाही. वाट पाहताना तरुणीजवळ कुणीतरी सतत हवं आणि तिची स्थिती बदलली तर रंगही बदलायला हवा. गर्दीच्या रात्री केशरीची 10 मिनिटं अनेकदा उलटून जातात. तेव्हा तिच्याजवळची खुर्ची रिकामी राहू नये, हे पाहणं परिचारिकेच्या हातात असतं.