डेटा अ‍ॅनालिस्ट, सायंटिस्ट की एमएल इंजिनीअर? एकच फाइल उघडा, फरक कळेल

डेटा क्षेत्रात नोकरी शोधताना तीन पदे सतत समोर येतात : डेटा अ‍ॅनालिस्ट, डेटा सायंटिस्ट आणि मशीन लर्निंग इंजिनीअर. तिन्ही जाहिरातींत पायथन आणि एसक्यूएल हे शब्द असल्याने पदे सारखीच वाटतात. रोजचे काम मात्र वेगळे असते. एकाच फाइलवर हे तिघे काय करतील, हे पाहिले की फरक लक्षात येतो.

फाइल कोणती?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संग्रहात ‘ऑनलाइन रिटेल’ नावाची फाइल मोफत मिळते. ब्रिटनमधील एका ऑनलाइन दुकानाच्या १ डिसेंबर २०१० ते ९ डिसेंबर २०११ या काळातील विक्रीच्या ५ लाख ४१ हजार ९०९ ओळी तिच्यात आहेत. सुमारे पाव ओळींत ग्राहक क्रमांकच नाही. रद्द झालेल्या बिलांचा क्रमांक C या अक्षराने सुरू होतो.

अ‍ॅनालिस्ट : काय झाले?

दुकानमालकाचा प्रश्न साधा आहे : विक्री कोणत्या महिन्यात वाढली, कधी घटली? महिनावार आलेख काढला की डिसेंबर २०११ मध्ये विक्री कोसळलेली दिसते. घाईत असलेला माणूस तसा अहवाल देऊन मोकळा होतो. चांगला अ‍ॅनालिस्ट शेवटची तारीख तपासतो. माहिती ९ तारखेलाच संपते, म्हणजे ही घट खरी नाही, महिनाच अपुरा आहे. रद्द बिलांचे काय करायचे, हेही तो मालकाला विचारूनच ठरवतो.

या कामाला एसक्यूएल, एक्सेल, पॉवर बीआयसारखे साधन आणि आकडे सोप्या भाषेत मांडण्याची हातोटी लागते. न जुळणारा आकडा पाहून ज्याला स्वस्थ बसवत नाही, त्याला हे काम मानवते.

सायंटिस्ट : काय होईल?

आता प्रश्न बदलतो : येत्या तीन महिन्यांत कोणता ग्राहक पुन्हा खरेदी करेल? यासाठी फाइल ९ सप्टेंबर २०११ या तारखेवर तोडावी लागते. त्याआधीच्या खरेदीवरून अंदाज बांधायचा आणि नंतरच्या तीन महिन्यांवर तो पडताळायचा.

नवशिका इथेच फसतो. तो ग्राहकाची पूर्ण वर्षाची एकूण खरेदी मॉडेलला देतो. त्या बेरजेत सप्टेंबरनंतरची खरेदीही असते, म्हणजे प्रश्नपत्रिकेतच उत्तर छापल्यासारखे झाले. मॉडेल कागदावर अचूक ठरते आणि प्रत्यक्षात तोंडघशी पडते. निकाल संशयास्पद चांगला आला, तर आधी ही गळती शोधायची असते. ‘गेल्या महिन्यात आलेला ग्राहक पुन्हा येईल’ या साध्या नियमापेक्षा मॉडेल सरस आहे का, हेही तपासावे लागते.

इथे संख्याशास्त्राची पक्की समज आणि पायथन हवे. आठवडाभर राबून ‘साधा नियमच पुरे’ असे निघाले, तरी ज्याचा हिरमोड होत नाही, त्याच्यासाठी ही वाट आहे.

एमएल इंजिनीअर : रोज चालेल का?

मॉडेल लॅपटॉपवर चालले, म्हणून दुकानाचे काम झाले असे नाही. रोज रात्री नवी विक्री घेऊन सकाळी ग्राहकांची यादी तयार हवी. समजा, मॉडेल शिकवताना रद्द बिले वगळली होती, पण रोजच्या प्रोग्रॅममध्ये ती वगळायची राहिली. प्रोग्रॅम बंद पडत नाही, एररही येत नाही. फक्त उत्तरे चुकत जातात. ही चूक पकडण्यासाठी एकाच ग्राहकाचे दोन्हीकडचे आकडे ताडून पाहावे लागतात आणि रोजच्या सरासरीवर नजर ठेवावी लागते.

गिट, डॉकर, क्लाउड, चाचण्या आणि नीटनेटके कोडिंग हा या कामाचा पाया आहे. ज्याला सॉफ्टवेअर बांधायला आणि ते चालते ठेवायला आवडते, तो इथे रमतो.

निवड कशी करावी?

वरील तिन्ही कामे याच फाइलवर प्रत्येकी एक आठवडा करून पाहता येतात. कोणत्या अडचणीपाशी वेळेचे भान राहिले नाही आणि कोणत्या अडचणीने वैताग आणला, याची नोंद ठेवावी. पगाराच्या आकड्यापेक्षा ती नोंद अधिक उपयोगी पडते.

जाहिरात वाचताना पदनामावर विसंबू नये. ‘सायंटिस्ट’ म्हणून बोलावून रोज डॅशबोर्ड करायला लावणाऱ्या जागा असतात. छोट्या कंपन्यांत तिन्ही कामे एकाच माणसाकडे असू शकतात. मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारावा : पहिल्या तीन महिन्यांत काय तयार करून द्यायचे आहे आणि ते कोण वापरणार? उत्तर ‘अहवाल’ असेल तर काम अ‍ॅनालिस्टचे, ‘अंदाज’ असेल तर सायंटिस्टचे आणि ‘रोज चालणारी यंत्रणा’ असेल तर इंजिनीअरचे. मग ऑफर लेटरवर पद कोणतेही छापलेले असो.