विश्लेषण : प्रणवच्या १००९ धावा... एका वाक्यात चार चुका कशा शिरतात?

कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शालेय क्रिकेटमध्ये नाबाद १००९ धावा केल्या. या खेळीवर आजही लेख लिहिले जातात. समजा, अशा एका लेखात पुढील वाक्य आले आहे : ‘५ जानेवारी २०१६ रोजी प्रणव धनवडेने कॉलिन्सचा ११७ वर्षांपूर्वीचा ६२८ धावांचा विक्रम मोडत प्रथम श्रेणीतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या उभारली.’ वाचताना वाक्य खटकत नाही, पण छपाईपूर्वी त्यात चार दुरुस्त्या कराव्या लागतील.

तारीख कुठे चुकली?

सामना भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेतील होता. कल्याणच्या वायले नगर मैदानावर के. सी. गांधी शाळा आणि आर्य गुरुकुल यांच्यात तो खेळला गेला. ४ जानेवारीचा खेळ संपला तेव्हा प्रणव ६५२ धावांवर नाबाद होता. म्हणजे ६२८चा विक्रम त्याच दिवशी मोडला गेला. ५ तारखेला त्याने हजाराचा टप्पा ओलांडला. घटना दोन आहेत आणि त्यांच्या तारखाही दोन आहेत. सामना एकापेक्षा जास्त दिवस चालला असेल, तर प्रत्येक टप्प्याची तारीख स्वतंत्रपणे पाहावी लागते.

११७ वर्षे की ११६?

ए. ई. जे. कॉलिन्सने इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर जून १८९९ मध्ये नाबाद ६२८ धावा केल्या. २०१६ मधून १८९९ वजा केल्यास ११७ येतात. पण जून ते जानेवारी मोजल्यास ११६ वर्षे पूर्ण होऊन साधारण सहा महिने होतात. त्यामुळे ‘११६ वर्षांहून अधिक काळ टिकलेला’ असे लिहिणे बिनचूक ठरते. क्रिकेट हंगामाबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. भाऊसाहेब निंबाळकरांची नाबाद ४४३ धावांची खेळी १९४८-४९ च्या हंगामातील आहे, पण ती झाली डिसेंबर १९४८ मध्ये.

विक्रम नेमका कशाचा?

सर्वांत मोठी चूक ‘प्रथम श्रेणी’ या दोन शब्दांत आहे. शालेय सामना प्रथम श्रेणीत मोडत नाही. त्या श्रेणीतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या ब्रायन लाराची आहे : १९९४ मध्ये डरहॅमविरुद्ध वॉर्विकशायरकडून नाबाद ५०१. भारतीय फलंदाजांत निंबाळकर पहिले आहेत. प्रणवच्या संघाने ३ बाद १४६५ धावांवर डाव घोषित केला, तरी प्रथम श्रेणीतील सर्वोच्च सांघिक धावसंख्या व्हिक्टोरियाने १९२६ मध्ये केलेली ११०७ हीच राहते. म्हणून ‘सर्वोच्च’ या शब्दापुढे कोणत्या स्तरावर, हे लिहिलेच पाहिजे.

नावे का बिघडतात?

बातमी अनेकदा इंग्रजीतून येते. तिथे प्रणवचे आडनाव ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ अशा दोन्ही अक्षरांनी लिहिलेले दिसते, आणि मराठीत आणताना एक काना गळाला की ‘धनावडे’चे ‘धनवडे’ होते. इंग्रजीत ‘ळ’ नसल्याने ‘निंबाळकर’चे ‘निंबालकर’ होते. नाव मराठी असेल, तर ते जुन्या मराठी बातमीत, शाळेकडे किंवा घरच्यांकडे विचारून तपासणे सोपे असते. इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाज बांधू नये.

आकडे आपसात जुळतात का?

प्रतिस्पर्धी संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. १४६५ मधून ८३ वजा केल्यास १३८२ उरतात, आणि एक डाव व १३८२ धावांनी विजय हीच नोंद आहे. म्हणजे निकाल जुळला. आता प्रणवची खेळी पाहू. १२९ चौकारांच्या ५१६ आणि ५९ षटकारांच्या ३५४ मिळून ८७० धावा होतात. उरलेल्या १३९ धावा पळून काढलेल्या.

गडबड चेंडूंच्या आकड्यात होते. काही बातम्यांत ३२३ चेंडू आहेत, तर काहींत ३२७. चौकार-षटकारांचे १८८ चेंडू वजा केल्यास पहिल्या आकड्यात १३५ आणि दुसऱ्यात १३९ चेंडू उरतात. इतक्या चेंडूंत १३९ धावा दोन्ही हिशेबांत शक्य आहेत, म्हणजे बेरीज इथे निकाल देत नाही. स्ट्राइक रेट मात्र आकडा कुठून आला ते सांगतो : ३१२.३८ असेल तर ३२३ चेंडू धरलेले, ३०८.५६ असेल तर ३२७. लेखात ३२७ चेंडू आणि ३१२.३८ एकत्र दिसले, की दोन बातम्यांतील आकडे मिसळले आहेत हे नक्की.

अशा वेळी दहा संकेतस्थळे पाहून बहुमत मोजण्यात अर्थ नसतो, कारण त्यांतील बऱ्याच जणांनी एकाच बातमीवरून आकडा घेतलेला असतो. निर्णय गुणलेखकाची वही देते. ती वेळेत मिळाली नाही, तर चेंडूंचा आकडा आणि स्ट्राइक रेट दोन्ही वगळून फक्त धावा, चौकार आणि षटकार छापावेत.