आणखी एकवीस दिवस

घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं, डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. सहाव्या आठवड्यात प्लास्टर निघालं, हाड जुळलेलं दिसलं, पण सांधा आखडलेला आणि सूज तशीच. जिना उतरता येईना. मग "अजून तीन आठवडे" ही चिठ्ठी हातात पडते. ती घेऊन कार्यालयात काय करायचं, इथे बरेच जण गडबडतात.

राज्य सरकारी कार्यालयातला एक लिपिक डोळ्यांसमोर आणू. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा खात्यात जमा होते. आजारपणात तीच परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, मात्र एका दिवसाला खात्यातून दोन दिवस जातात. लिपिकाच्या खात्यात 140 दिवस होते. सोमवारपासून 40 दिवसांची रजा मंजूर झाली, म्हणजे 80 गेले, उरले 60. रजा शुक्रवारी संपते आणि पुढचे शनिवार-रविवार सुट्टी म्हणून जोडायची परवानगी मिळाली आहे. सोमवारी रुजू व्हायचं.

रजा वाढवायची म्हटल्यावर मधल्या त्या दोन सुट्ट्या सुट्ट्या राहत नाहीत, त्याही रजेत जातात. सोमवारपासून तिसऱ्या शुक्रवारपर्यंत 19 दिवस दिसतात, अर्ज मात्र शनिवारपासून 21 दिवसांचा करायचा. वजा होतात 42, शिल्लक 18. तारखांत एका दिवसाची फट राहिली की आस्थापना शाखेतून कागद परत येतो.

अर्ज रजा संपण्याआधी पोचवावा, सोबत नवं वैद्यकीय प्रमाणपत्र. नुसतं "विश्रांतीची गरज" हे मोघमच. तपासणीची तारीख, सांधा आखडल्याचं कारण आणि नेमका कालावधी त्यात हवा. इतकं करूनही रजा हक्क म्हणून मागता येत नाही. शंका आली तर मंजुरी देणारा अधिकारी दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागवू शकतो.

काही जण मात्र "बरं वाटलं की एकदमच अर्ज देऊ" म्हणून घरी बसतात. हे महागात पडतं. मंजुरीविना जास्त राहिलेल्या दिवसांचा पगार मिळत नाही, आणि ते दिवस अर्धवेतनी रजेतून वजाही होतात. खात्यात रजा नसेल तर तो काळ असाधारण रजा धरला जातो. गैरहजेरी जाणूनबुजून ठरली तर शिस्तभंगाची कारवाई वेगळीच.

रुजू होताना प्रकृती कामाला योग्य असल्याचं प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय हजर करून घेत नाहीत. आणि पाय सतराव्या दिवशीच बरा झाला, तरी उरलेली रजा सोडून परस्पर कामावर येता येत नाही. त्यालाही परवानगी घ्यावी लागते.