स्थिर बिंदू असतोच, पण कशामुळे?

बंद अंतराल [a, b] मधून त्याच अंतरालात जाणाऱ्या संतत फलनाला निदान एक स्थिर बिंदू असतो, म्हणजे f(c) = c होईल असा एखादा c त्या अंतरालात सापडतोच. सिद्धता दोन-तीन ओळींची आहे, आणि ती इतकी छोटी असल्यामुळेच तिच्याभोवती काही गैरसमज टिकून राहिले आहेत.

पहिला गैरसमज असा की मध्यवर्ती मूल्य प्रमेय f ला लावले की काम झाले. ते प्रमेय f ला लावल्यास एवढेच कळते की f(a) आणि f(b) यांच्यामधली प्रत्येक किंमत f कुठेतरी घेते. ती किंमत नेमकी कोणत्या x पाशी मिळते, हे मात्र कळत नाही, आणि स्थिर बिंदूचा प्रश्न तर तोच आहे. म्हणून प्रमेय f ऐवजी g(x) = f(x) − x या फरकाला लावावे लागते. f च्या सगळ्या किमती [a, b] मध्येच असल्याने f(a) ही a पेक्षा लहान असू शकत नाही, म्हणून g(a) ≥ 0. तसेच f(b) ही b पेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून g(b) ≤ 0. यांपैकी एखादी किंमत शून्यच असेल, तर ते टोकच स्थिर बिंदू ठरते. उत्तरपत्रिकांत ही शक्यता विसरून थेट g(a) > 0 लिहिले जाते, ते चूक आहे. दोन्ही किमती शून्य नसतील, तर g चे चिन्ह धनाकडून ऋणाकडे बदलते. g संतत असल्याने मध्ये कुठेतरी g(c) = 0, म्हणजेच f(c) = c.

दुसरा गैरसमज चित्रातून येतो. आलेख कर्णरेषेच्या वरून खाली येणार म्हणजे तो तिला छेदणारच, यात सिद्ध करायचे ते काय, असे वाटते. [0, 1] वरचे f(x) = 1 − x² हे फलन घेतले की या सहजतेत काय दडले आहे ते दिसते. येथे g(x) = 1 − x² − x, g(0) = 1 आणि g(1) = −1. समीकरण सोडवल्यास c = (√5 − 1)/2, म्हणजे सुमारे 0.618. आता फक्त परिमेय संख्यांचाच विचार केला, तर 0 ते 1 मधल्या परिमेय संख्येचे उत्तरही त्याच मर्यादेतली परिमेय संख्या येते, फलन संतत राहते, टोकांवरची चिन्हेही तीच राहतात. तरी स्थिर बिंदू मिळत नाही, कारण √5 अपरिमेय आहे. म्हणजे रेषेत फट नाही, हा वास्तव संख्यांचा पूर्णतेचा गुणधर्मच खरे काम करतो. बोल्झानो यांना 1817 मध्ये मध्यवर्ती मूल्याची काटेकोर सिद्धता देण्याची गरज वाटली, ती चित्रावर विसंबायचे नव्हते म्हणूनच.

अटी केवळ नावापुरत्या आहेत, असेही मानले जाते. (0, 1) या खुल्या अंतरालावर x² घेतल्यास x² = x ची दोन्ही उत्तरे, 0 आणि 1, नेमकी वगळलेल्या टोकांवर पडतात. सांतत्य सोडले तरी हेच होते: x ≤ 1/2 असताना 1 आणि त्यापुढे 0 ही किंमत देणारे फलन कर्णरेषेवरून उडी मारून जाते. मात्र या अटी पुरेशा आहेत, आवश्यक नाहीत. त्या मोडूनही एखाद्या फलनाला स्थिर बिंदू असू शकतो. बिंदू एकच असेल अशीही हमी नाही; f(x) = x ला तर प्रत्येक बिंदू स्थिर आहे.

सर्वांत चिवट गैरसमज पुनरावृत्तीचा आहे: कोणतीही संख्या घ्या, f पुन्हा पुन्हा लावत राहा, स्थिर बिंदूवर पोहोचाल. cos x साठी हे खरे ठरते. रेडियनमध्ये ठेवलेल्या कॅल्क्युलेटरवर cos ची कळ दाबत राहिल्यास 0.739 च्या आसपास आकडे थांबतात. 1 − x² मात्र दगा देते. 0.6 पासून निघाल्यास पुढे 0.64, 0.5904, 0.6514, 0.5756, 0.6686 असे आकडे येतात आणि 0.618 पासूनचे अंतर दर वेळी वाढत जाते. कारण त्या बिंदूपाशी विकलज −2c, म्हणजे सुमारे −1.236 आहे. त्यामुळे लहानशी चूक दर पावलाला बाजू बदलते आणि जवळपास सव्वापट होते. शेवटी आकडे 0 आणि 1 च्या जवळ आलटूनपालटून फिरू लागतात. स्थिर बिंदू असणे आणि पुनरावृत्तीने तिथे पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी तिथल्या विकलजाचे केवल मूल्य 1 पेक्षा कमी असल्यास भरवसा मिळतो, तोही सुरुवात बिंदूच्या पुरेशा जवळून केली तर.

सिद्धतेतून बिंदू हाती लागतच नाही, हा मात्र उलट टोकाचा गैरसमज. चिन्हबदलाचाच उपयोग करून अंतराल अर्धे करत जाता येते. 1 − x² साठी g(0.5) = 0.25 धन आहे आणि g(0.75) = −0.3125 ऋण आहे, म्हणून बिंदू या दोहोंमध्ये आहे. मधल्या 0.625 वर g ची किंमत −0.015625 येते, म्हणून तो 0.5 आणि 0.625 मध्ये आहे. 0.5625 वर किंमत पुन्हा धन येते आणि अंतराल आणखी आखडते. पूर्ण [0, 1] पासून दहा वेळा अर्धे केल्यावर अंतरालाची रुंदी 1/1024 उरते, आणि येथे विकलजाची अट लागत नाही.