उष्मांक तेच, तरीही वजन वाढले

दळणे, उकळणे, आंबवणे, वाळवणे या सगळ्या अन्नावरच्या प्रक्रियाच आहेत. त्या अर्थाने भाकरी आणि दहीसुद्धा प्रक्रिया केलेलेच. मग ‘अल्ट्रा-प्रोसेस्ड’ म्हणायचे कशाला? ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी 2009 मध्ये अन्नाची वर्गवारी पोषकतत्त्वांऐवजी प्रक्रियेवरून करावी, असा विचार मांडला. त्यातून ‘नोवा’ ही चार गटांची पद्धत उभी राहिली. तिच्या चौथ्या गटात असे पदार्थ येतात, ज्यांत धान्यातून वा कडधान्यातून स्टार्च, प्रथिने, तेल वेगळे काढून कारखान्यात पुन्हा जुळवलेले असते आणि वर इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद, रंग घातलेले असतात.

यावर रास्त शंका अशी की, दोष प्रक्रियेचा, की अशा पदार्थांतल्या साखर, मीठ आणि चरबीचा? अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधले तेव्हाचे संशोधक केविन हॉल यांनी ती तपासून पाहिली. त्यांचा प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांनी 20 प्रौढांना चार आठवडे संस्थेच्या रुग्णालयातच ठेवले. प्रत्येकाला दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधे, ताज्या पदार्थांचे जेवण दिले. समोर मांडलेल्या दोन्ही जेवणांत उष्मांक, साखर, मीठ, चरबी आणि तंतूमय घटक जवळपास सारखे होते. किती खायचे, हे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडले होते. अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवणावर लोकांनी दिवसाला सुमारे 500 उष्मांक जास्त खाल्ले आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी 0.9 किलोने वाढले. साध्या जेवणावर ते तेवढेच घटले.

असे का झाले, याचा एक धागा खाण्याच्या वेगात सापडतो. मऊ, फारसे चावावे न लागणारे अन्न लोकांनी भरभर खाल्ले, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो. दुसरा धागा तंतूंचा. अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थांत ते इतके कमी होते की, बरोबरी साधण्यासाठी ते पेयांत मिसळावे लागले. त्यामुळे पेये वगळून पाहिले, तर या जेवणाच्या प्रत्येक घासात उष्मांक जास्त भरले होते. म्हणजे आकडे तेच राहिले, पण अन्नाची घडण बदलली होती.

प्रयोग लहान आणि थोड्या काळाचा होता; त्यावरून आजारांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय हा गट फार पसरट आहे. त्यात शीतपेयही बसते आणि कारखान्यातला गव्हाचा ब्रेडही, पण दोन्हींचा शरीरावर होणारा परिणाम एक नसतो.

तरीही ‘साखर कमी’ असे पाकिटावर पुढे छापलेले वाचून थांबू नये. मागची घटकांची यादी वाचावी. स्वयंपाकघरात कधीच न येणारी नावे तिथे दिसली, तर पदार्थ बहुधा चौथ्या गटातला आहे, आणि साखर कमी केल्याने त्याची घडण बदललेली नसते.