व्होल्टमीटरने मोजलेली उष्णता

एखाद्या रासायनिक अभिक्रियेत किती उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते, हे मोजायचे म्हटले की कॅलरीमापी आठवतो. पण अभिक्रिया विद्युतघटात, म्हणजे सेलमध्ये, घडवून आणता येत असेल तर कॅलरीमापीशिवायही काम भागते. सेलचे व्होल्टेज दोन-चार वेगवेगळ्या तापमानांना अचूक मोजायचे, एवढेच. त्यातून मुक्त ऊर्जेतला बदल ΔG, एन्ट्रॉपीतला बदल ΔS आणि एन्थाल्पीतला बदल ΔH हे तिन्ही मिळतात. ही रीत समजून घ्यायला एक लहानसा सेल फार उपयोगी आहे: चांदी–सिल्व्हर क्लोराइड आणि कॅलोमेल यांचा.

त्याआधी इतिहासातली एक अडचण सांगायला हवी, कारण सगळा मुद्दा तिच्यातूनच उलगडतो. 1851 मध्ये विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, डॅनियल सेलचे व्होल्टेज अभिक्रियेच्या उष्णतेवरून काढले. अभिक्रियेतून जेवढी उष्णता निघते तेवढीच विद्युत ऊर्जा मिळते, असे त्यामागचे गृहीतक होते. आजचे आकडे घालून पाहू. जस्त आणि तांब्याच्या क्षाराच्या अभिक्रियेत सुमारे 219 किलोजूल उष्णता निघते आणि दोन इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते. त्यावरून 1.13 व्होल्ट येतात. प्रत्यक्ष व्होल्टेज असते सुमारे 1.10. मेळ इतका चांगला बसला की गृहीतकच बरोबर आहे असे वाटावे. पण तो योगायोग होता. डॅनियल सेलमध्ये एन्ट्रॉपीचा वाटा लहान आहे, म्हणून तो दिसला नाही. दुसरे सेल तपासले की हिशेब फसायचा. गिब्ज यांनी 1870 च्या दशकात आणि हेल्महोल्ट्झ यांनी 1882 मध्ये खरे नाते मांडले. सेल जे विद्युत कार्य देतो ते उष्णतेइतके नसते, मुक्त ऊर्जेतल्या घटीइतके असते.

आता आपला सेल. एका बाजूला चांदीची तार, तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर. दुसऱ्या बाजूला पारा, त्यावर मर्क्युरस क्लोराइडचा, म्हणजे कॅलोमेलचा, लगदा. दोन्ही एकाच पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवलेले. चांदीच्या बाजूला चांदी एक क्लोराइड आयन घेऊन सिल्व्हर क्लोराइड होते आणि एक इलेक्ट्रॉन सोडते. पाऱ्याच्या बाजूला कॅलोमेल तो इलेक्ट्रॉन घेते, पारा मोकळा होतो आणि क्लोराइड आयन द्रावणात परत जातो. दोन्ही मिळून:

Ag + ½ Hg₂Cl₂ → AgCl + Hg

या समीकरणात द्रावणातला एकही आयन उरत नाही. एका बाजूने घेतलेला क्लोराइड दुसऱ्या बाजूने परत मिळतो. त्यामुळे पोटॅशियम क्लोराइड थोडे कमी-जास्त झाले तरी व्होल्टेजला फरक पडत नाही. शिवाय द्रावण एकच असल्याने मीठसेतू लागत नाही आणि दोन द्रावणांच्या सीमेवर निर्माण होणारे, नेमके न कळणारे विभवही इथे नाही. तापमानाचा परिणाम शुद्ध स्वरूपात पाहायचा तर इतका स्वच्छ सेल क्वचितच सापडतो.

25 अंश सेल्सिअसला याचे व्होल्टेज 0.0455 व्होल्ट, म्हणजे 45.5 मिलिव्होल्ट असते. इतक्या कमी व्होल्टेजवर काहीच चालत नाही, पण आपल्याला काही चालवायचे नाही. तापमान वाढवले की हे व्होल्टेज वाढते: दर अंशाला 0.338 मिलिव्होल्ट. या दरालाच तापमान गुणांक म्हणतात. याच दराने 15 अंशाला सुमारे 42.1 आणि 35 अंशाला सुमारे 48.9 मिलिव्होल्ट येतील. तापमान आडव्या अक्षावर आणि व्होल्टेज उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर मिळणाऱ्या रेषेचा उतार म्हणजे हा गुणांक.

या उताराचा एन्ट्रॉपीशी संबंध कसा येतो? सेल जवळजवळ शून्य प्रवाह देत असताना त्याचे विद्युत कार्य आणि मुक्त ऊर्जा यांचे नाते असे:

ΔG = −nFE

यात n म्हणजे अभिक्रियेत जाणारे इलेक्ट्रॉन आणि F म्हणजे फॅराडे स्थिरांक, 96,485 कूलोम प्रति मोल. दुसरीकडे, दाब स्थिर ठेवून तापमान बदलले की मुक्त ऊर्जा ज्या दराने बदलते तो दर म्हणजे वजा एन्ट्रॉपी. हे कुठल्याही पदार्थाला लागू आहे, म्हणून अभिक्रियेतल्या फरकालाही लागू आहे. तेव्हा ΔG च्या जागी −nFE ठेवले की दोन्ही वजा चिन्हे निघून जातात:

ΔS = nF × (dE/dT)

आणि ΔG = ΔH − TΔS असल्यामुळे तिसरे सूत्र आपोआप येते:

ΔH = −nF × (E − T × dE/dT)

पहिल्यात व्होल्टेज, दुसऱ्यात उतार, तिसऱ्यात दोन्ही.

आकडे घालू. n इथे 1 आहे. ΔG = −96,485 × 0.0455, म्हणजे −4,390 जूल, −4.39 किलोजूल. ऋण चिन्ह आहे, म्हणजे अभिक्रिया आपणहून पुढे जाते. ΔS = 96,485 × 0.000338, म्हणजे 32.6 जूल प्रति केल्विन. तापमान 298.15 केल्विन असल्याने TΔS झाले 9.72 किलोजूल. मग ΔH = −4.39 + 9.72, म्हणजे +5.33 किलोजूल.

या धन चिन्हापाशी थांबायला हवे. अभिक्रिया उष्माग्राही आहे. तिच्यातून उष्णता निघत नाही, ती उष्णता शोषते. तरीही सेल वीज देतो. थॉमसन यांचे गृहीतक इथे नुसते थोडे चुकत नाही, चिन्हासकट उलटे पडते. त्यांच्या रीतीने या सेलचे व्होल्टेज उणे 55 मिलिव्होल्ट यायला हवे होते.

मग ऊर्जा येते कुठून? जमाखर्च लिहून पाहावा. सेल अगदी सावकाश चालवला, म्हणजे प्रवाह नगण्य ठेवला, तर एक मोल अभिक्रियेमागे तो भोवतालातून 9.72 किलोजूल उष्णता घेतो. त्यातले 4.39 किलोजूल तारेतून विद्युत कार्य म्हणून बाहेर देतो. उरलेले 5.33 किलोजूल नव्या पदार्थांमध्ये साठतात. जमा आणि खर्च तंतोतंत जुळतात, काहीही शून्यातून आलेले नाही. सेलची दोन टोके तारेने थेट जोडून टाकली तर विद्युत कार्य बाहेर जात नाही, ते तिथेच उष्णता होऊन परत येते, आणि भोवतालातून घेतलेली उष्णता फक्त 5.33 किलोजूल उरते. म्हणजे शॉर्ट केलेला हा सेलसुद्धा एकूण हिशेबात थंडच होतो. अशा उष्माग्राही सेलचे उदाहरण हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ बुगार्स्की यांनी 1897 मध्ये दाखवले होते. त्यांच्या सेलमध्येही पाऱ्याची संयुगे होती.

ही एन्ट्रॉपी वाढते कशामुळे, हेही समजून घेता येते. तक्त्यातल्या मोलर एन्ट्रॉपी पाहा, जूल प्रति केल्विनमध्ये: सिल्व्हर क्लोराइड 96.3, अर्धा मोल कॅलोमेल सुमारे 96. हे दोन एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. उरतात पारा 76.0 आणि चांदी 42.6, त्यांच्यातला फरक 33.4. म्हणजे घन चांदी गेली आणि तिच्या जागी द्रव पारा आला, हेच जवळजवळ सगळे एन्ट्रॉपीचे कारण. आपल्या व्होल्टमीटरने दिलेले 32.6 याच्या अगदी जवळ आहे, आणि तेही उष्णतेचे एकही मापन न करता.

प्रयोग मात्र दिसतो तितका सोपा नाही, आणि अडचण नेमकी उतारात आहे. समजा प्रत्येक वाचनात 0.1 मिलिव्होल्टची चूक असू शकते. ΔG ला तिचा फारसा त्रास नाही. ती चूक सुमारे 10 जूलची. पण 15 आणि 35 अंशांच्या वाचनांतल्या चुका विरुद्ध दिशेने गेल्या तर उतार 0.01 मिलिव्होल्ट प्रति अंश चुकतो. सूत्रात त्या उताराला 298 ने गुणायचे असते. चूक एकदम 3 मिलिव्होल्ट होते आणि ΔH सुमारे 0.3 किलोजूलने घसरते. ΔG पेक्षा तीसपट जास्त. एक मिलिव्होल्टपर्यंतच आकडे दाखवणारा साधा मल्टिमीटर वापरला, तर 20 अंशांत फरकच जेमतेम 7 मिलिव्होल्टचा आहे. उतारात 15 टक्क्यांपर्यंत चूक सहज होईल. म्हणून मिलिव्होल्टचा शतांश दाखवणारा, प्रवाह जवळजवळ न ओढणारा मीटर हवा, नाहीतर जुना पोटेन्शिओमीटर.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच तापमानाला असले पाहिजेत. एकच बाजू गरम केली तर मिळणारा आकडा अभिक्रियेचा नसतो, त्यात तापमानफरकामुळे आलेले विभव मिसळते. पूर्ण सेल थर्मोस्टॅटच्या पाण्यात बुडवावा आणि तांब्याच्या तारा जिथे जोडल्या आहेत ते दोन्ही सांधे एकाच तापमानाला ठेवावेत. कॅलोमेलचा लगदा नव्या तापमानाला जुळवून घ्यायला वेळ लावतो, म्हणून घाई करू नये. वाचन स्थिर होईपर्यंत थांबावे.

सगळे नीट झाले आहे का, हे ओळखण्याची खूण साधी आहे. तापमान चढवत नेताना जी वाचने मिळाली तीच उतरवताना परत मिळाली पाहिजेत. 25 अंशाला परत आल्यावर वेगळा आकडा दिसला तर सेल प्रत्यावर्ती राहिलेला नाही आणि त्या उतारावरून काढलेली एन्ट्रॉपी निरर्थक आहे. अशा वेळी थर उडालेली चांदीची तार किंवा प्रकाशाने काळवंडलेले सिल्व्हर क्लोराइड तपासावे. तापमानही फार चढवू नये. 70 अंशांच्या आसपास कॅलोमेल विघटित होऊ लागते.

उतार सगळीकडे सारखा राहतोच असेही नाही. पदार्थांच्या विशिष्ट उष्णता वेगळ्या असल्याने रेषा किंचित वाकू शकते. पाच-सहा तापमानांची वाचने घेऊन वक्र काढावा आणि हव्या त्या तापमानाच्या बिंदूवर स्पर्शिकेचा उतार घ्यावा. उत्तर त्या तापमानाचेच असते.

उत्तर लिहिताना अभिक्रिया आणि n चा उल्लेख कधीही गाळू नका. वरचे समीकरण दोनाने गुणून एक पूर्ण मोल कॅलोमेल लिहिले, तर n होतो 2. व्होल्टेज आणि तापमान गुणांक तेच राहतात, पण ΔG, ΔS, ΔH तिन्ही दुप्पट होतात. वहीत नुसते 5.33 किलोजूल लिहिलेले असेल, तर ते कशाचे हे वाचणाऱ्याला कळणार नाही.